तळावरचा त्रिकोण आणि पातेल्यातले पाणी

तान्ह्या मुलाच्या दुधाच्या बाटलीचा फोटो कुणी दाखवला आणि विचारले, "ही कुठल्या कंपनीची? बाळाला चालेल ना?" तर आपण काय उत्तर देऊ? हल्ली हा प्रश्न शिक्षकांपर्यंतही येतो. समजा, मेहकरच्या आठवडी बाजारातून एका आजीने नातवासाठी बाटली आणली. सून सोयाबीनच्या सोंगणीला जाते आणि दुपारी बाळ आजीजवळ असते. बाटलीवर ठसठशीत इंग्रजी नाव आहे, खोक्यावर हसऱ्या बाळाचे चित्र आहे. घरातला दहावीतला मुलगा फोटो काढतो आणि विज्ञानाच्या सरांना पाठवतो.

हा एक प्रश्न खरे तर तीन प्रश्नांचा मिळून झालेला आहे. बाटलीवर नाव कुणाचे आहे? ती बनवल्याची जबाबदारी कुणावर आहे? आणि ती कशाची बनली आहे? फोटोतून पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी लागणारा एक क्रमांक फोटोतून मिळू शकतो. तिसऱ्याचे उत्तर मात्र कितीही चांगला फोटो देऊ शकत नाही. त्यासाठी एक पातेले पाणी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा लागतो. या तिन्ही पायऱ्या आपण क्रमाने पाहू.

फोटो कसा घ्यावा

लोक बाटलीचा फोटो समोरून घेतात, कारण नाव तिथे असते. पण समोरचे नाव बहुधा शाईने छापलेले किंवा चिकटवलेले असते आणि त्याची नक्कल करणे सर्वांत सोपे असते. उपयोगाची माहिती तळावर आणि मानेजवळ असते. तिथली अक्षरे साच्यातच कोरलेली असल्यामुळे बाटली ओतताना ती उठून येतात. साचा महाग असतो, त्यामुळे ही अक्षरे सहसा बदलत नाहीत. म्हणून निदान चार फोटो मागवावेत: समोरचा, तळाचा, झाकण व बुचासह मानेचा, आणि खोक्याच्या सर्व बाजूंचा.

तळाचा फोटो नेहमी फसतो. पारदर्शक प्लॅस्टिकवर पारदर्शक अक्षरे असतात, त्यामुळे ती दिसतच नाहीत. उपाय सोपा आहे. बाटलीत थंड झालेला काळा चहा भरा, म्हणजे मागची बाजू गडद होईल. खोलीत थोडा अंधार करा आणि विजेरीचा प्रकाश तळाला जवळजवळ समांतर, बाजूने टाका. उठावाच्या एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला सावली पडते आणि अक्षरे उभी राहतात. शिलालेख वाचणारेही तिरप्या प्रकाशाचा असाच उपयोग करतात. एवढे करूनही जमले नाही, तर तळावर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल घासा. नाण्याचा ठसा मुले काढतात तसा हा ठसा उमटतो. एक सावधगिरी मात्र हवी. बाटलीच्या आतून, तोंडातून पाहून घेतलेल्या फोटोत अक्षरे उलटी दिसतात.

खोक्यावरचा पट्टेदार बारकोडही लोक पाहतात. त्याची सुरुवात ८९० ने झाली की माल भारतात बनला, असा समज आहे. तो बरोबर नाही. ८९० चा अर्थ एवढाच, की तो क्रमांक भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतलेला आहे. माल कुठे बनला हे त्यातून कळत नाही.

जबाबदार कोण?

आपल्याकडे दुधाच्या बाटलीसाठी स्वतंत्र कायदा आहे. बाळाच्या दुधाचे पर्याय, दुधाच्या बाटल्या आणि बालअन्न यांचे उत्पादन, पुरवठा व वितरण यांचे नियमन करणारा हा कायदा १९९२ साली झाला आणि २००३ साली तो आणखी कडक करण्यात आला. या कायद्याने बाटल्यांच्या जाहिरातीला बंदी आहे. विक्री वाढवण्यासाठी बाटली फुकट किंवा भेट म्हणून देण्यालाही बंदी आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची तरतूद अशी, की भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात बसणारी आणि त्याचे चिन्ह असलेली बाटलीच विकता येते. हे चिन्ह म्हणजे आपल्या ओळखीचा आयएसआय मार्क.

पण आयएसआय मार्क दिसला म्हणजे काम संपले असे नाही, कारण चित्र कुणीही छापू शकतो. खऱ्या चिन्हाबरोबर दोन क्रमांक असतात. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो. प्लॅस्टिकच्या दुधाच्या बाटलीसाठी तो `IS 14625` आहे. चिन्हाच्या खाली `CM/L-` या अक्षरांनी सुरू होणारा, सात किंवा दहा आकडी परवाना क्रमांक असतो. वरचा क्रमांक सांगतो की कोणत्या वस्तूच्या कसोट्या लावल्या. खालचा सांगतो की त्या कोणत्या कारखान्याने पाळायच्या आहेत. खालचा क्रमांक नसलेले चिन्ह म्हणजे सही नसलेला दाखला.

हा परवाना क्रमांक पडताळता येतो. मानक ब्यूरोचे `BIS Care` नावाचे मोबाइल अॅप आहे. त्यात `Verify Licence Details` येथे क्रमांक टाकला की परवाना कुणाचा, कोणत्या वस्तूचा, आणि तो चालू आहे की संपला, हे कळते. आता खोक्यावरच्या माहितीशी ताळा करायचा. कारखान्याचे नाव आणि पत्ता जुळतो का? वस्तू दुधाची बाटलीच आहे का? एखादा क्रमांक अस्सल असतो, पण तो भलत्याच वस्तूचा असतो. छापणाऱ्याने तो कुठून तरी उचललेला असतो.

इथे ब्रँड आणि उत्पादक यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. बाटलीवरचे मोठे नाव एका कंपनीचे आणि बनवणारा कारखाना दुसऱ्याचा, असे कायदेशीरपणे असू शकते. त्यामुळे नावे वेगळी दिसली म्हणून लगेच माल नकली ठरत नाही. उलट, नाव प्रसिद्ध आहे पण परवाना क्रमांकच नाही, अशी बाटली नावावर विसंबून घेऊ नये. तिची तक्रार त्याच अॅपमधून करता येते. मानक ब्यूरोचे विदर्भातले कार्यालय नागपूरला आहे, तिथेही लिहिता येते. अशा वेळी तळाचे आणि खोक्याचे फोटो पुरावा म्हणून कामी येतात, म्हणून खोके आणि पावती टाकून देऊ नये.

त्रिकोणातला आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

तळावर बाणांचा एक त्रिकोण आणि त्यात १ ते ७ पैकी एखादा आकडा असतो. प्लॅस्टिकचा कचरा प्रकारानुसार वेगळा करता यावा, यासाठी ही खूण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाने सुरू केली. ती सुरक्षिततेची खूण नव्हे. दुधाच्या बाटलीवर बहुधा ५ असतो, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. काही बाटल्यांवर ७ असतो, आणि ७ म्हणजे 'इतर'. या 'इतर'मध्ये पॉलिकार्बोनेट येते, मधासारख्या पिवळसर रंगाचे महागडे पीपीएसयू येते, आणि काचेसारखे स्वच्छ दिसणारे काही कोपॉलिएस्टरही येतात. म्हणजे ७ वरून वाईट ठरवता येत नाही आणि चांगलेही ठरवता येत नाही.

यांपैकी पॉलिकार्बोनेटवर एवढा कटाक्ष का? बिस्फेनॉल-ए नावाच्या रेणूंची माळ गुंफून पॉलिकार्बोनेट तयार होते. गरम पाण्यात ही माळ हळूहळू तुटते आणि बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, सुटून दुधात येऊ शकते. पाणी अल्कधर्मी असेल, उदाहरणार्थ धुण्याचा सोडा घालून उकळलेले, तर हे तुटणे वाढते. बीपीए शरीरात इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागते, ही गोष्ट लंडनमधले संशोधक डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवली होती. बाळ वजनाने लहान असते आणि त्याचे सगळे अन्न त्या एकाच बाटलीतून येते. त्यामुळे किलोमागे त्याच्या वाट्याला मोठ्या माणसापेक्षा अधिक मात्रा येते. युरोपीय संघाने २०११ साली दुधाच्या बाटल्यांत बीपीएला बंदी घातली. आपल्या मानकात २०१५ सालच्या सुधारणेने हीच बंदी आली. २०२३ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सह्य मात्रा पूर्वीच्या तुलनेत वीस हजार पटींनी कमी केली.

यानंतर बाजारात 'बीपीए फ्री' या शब्दांचा सुकाळ झाला. गंमत अशी, की पॉलिप्रॉपिलीन बनवताना बीपीए लागतच नाही. म्हणजे बाटली खरोखरच पॉलिप्रॉपिलीनची असेल, तर हे शब्द काही नवे सांगत नाहीत. आणि ती नसेल, तर ज्याने त्रिकोणात खोटा ५ घातला त्याला हे शब्द छापायला कितीसा वेळ लागणार? सगळा प्रश्न शेवटी इथे येऊन ठेपतो: ही बाटली खरोखर पॉलिप्रॉपिलीनची आहे का?

पूर्वी डोळ्यांनी ओळखता येई. पॉलिप्रॉपिलीन दुधट दिसे आणि पॉलिकार्बोनेट काचेसारखे स्वच्छ. आता पॉलिप्रॉपिलीनमध्ये अशी द्रव्ये मिसळतात, की त्याचे स्फटिक अगदी बारीक राहतात आणि प्रकाश फारसा विखुरत नाही. त्यामुळे तेही बरेच स्वच्छ दिसते. फोटो इथे हात टेकतो.

पाण्याची साक्ष

पॉलिप्रॉपिलीनची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ०.९० ग्रॅम, म्हणजे पाण्याहून कमी असते. पॉलिकार्बोनेटची १.२०, कोपॉलिएस्टरची सुमारे १.१८ आणि पीपीएसयूची १.२९ असते. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते आणि बाकीची तिन्ही बुडतात. झाकण, बूच आणि चकती काढून नुसती बाटली बादलीत पूर्ण बुडवा. तिरपी करून आतली सगळी हवा बाहेर जाऊ द्या, बाहेर चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसा आणि मग सोडा. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले तर बुडबुडे चिकटत नाहीत. नंतर बाटली स्वच्छ धुऊन घ्यावी. ५ आकडा असलेली बाटली वर आली, तर आकडा आणि पाणी यांची साक्ष जुळली. तळाला गेली, तर आकडा खोटा आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या शिक्षकांना इथे एक शंका येईल. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते. त्याने निकाल बिघडणार नाही का? हिशेब करून पाहू. लिटरमध्ये ५ ग्रॅम क्षार असले, तरी पाण्याची घनता हजारात जेमतेम चार भागांनी वाढते. समुद्राच्या पाण्याची घनतासुद्धा १.०२५ च्या आसपासच असते. ०.९० आणि १.२० यांच्यामधले अंतर एवढे मोठे आहे, की खारट पाणीही चालते.

बाटली बुडाली तर पुढचा प्रश्न येतो: मग ती कशाची? इथे आर्किमिडीज मदतीला येतो. किराणा मोजायच्या डिजिटल काट्यावर पाण्याने अर्धवट भरलेले मोठे पातेले ठेवा आणि काटा शून्यावर आणा. बाटलीला दोरा बांधून ती पाण्यात पूर्ण बुडेल अशी टांगती धरा. ती तळाला किंवा कडेला लागता कामा नये आणि आत हवा राहता कामा नये. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घनसेंटिमीटर बाटलीच्या प्लॅस्टिकचे आकारमान. कारण पाणी बाटलीला वर रेटते आणि तितक्याच जोराने स्वतः खाली दाबले जाते. हा दाब विस्थापित पाण्याच्या वजनाइतका असतो. कोरड्या बाटलीच्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळाली.

मेहकरच्या बाटलीचा निकाल

आता सुरुवातीच्या बाटलीकडे वळू. समजा, चारही फोटो आले. तळाच्या फोटोत त्रिकोणात ५ आहे. खोक्यावर 'बीपीए फ्री' आहे. आयएसआयचे चिन्ह आहे, वर `IS 14625` आहे, पण खाली परवाना क्रमांकाची जागा रिकामी आहे. बाटली काचेसारखी स्वच्छ आहे. एवढ्यावरून शंका घ्यायला जागा आहे, पण निष्कर्ष काढता येत नाही.

मुलगा बाटली शाळेत आणतो. बादलीत ती सरळ तळाला जाते. कोरडे वजन ४८ ग्रॅम भरते. टांगती धरल्यावर काटा ४० ग्रॅम दाखवतो. ४८ भागिले ४० म्हणजे १.२०. काटा एका ग्रॅमपर्यंतच मोजतो, म्हणून दोन्ही आकड्यांत अर्ध्या ग्रॅमची चूक धरू. मग घनता १.१७ ते १.२३ या दरम्यान येते.

या आकड्यांवरून काय म्हणता येईल? ही बाटली पॉलिप्रॉपिलीनची नाही, हे ठामपणे म्हणता येईल. ती पीपीएसयूचीही नाही. ती पॉलिकार्बोनेटची असू शकते, पण कोपॉलिएस्टरचीही असू शकते. १.१८ आणि १.२० हा फरक आपल्या काट्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो प्रयोगशाळेत अवरक्त वर्णपटाने ओळखता येतो. 'बाटलीत बीपीए आहे' असे आपण म्हणू शकत नाही. 'लेबल खोटे बोलते आहे आणि परवाना क्रमांक नाही' एवढे मात्र म्हणू शकतो, आणि बाळाच्या तोंडून ती बाटली दूर करायला एवढे पुरेसे आहे. समोर ज्या कंपनीचे नाव आहे तिनेच ती बनवली, असेही यातून सिद्ध होत नाही. तिचे नाव दुसऱ्याच कुणी वापरले असेल. मुलांना हा प्रयोग करून दाखवताना निष्कर्षाची ही मर्यादा जरूर सांगावी.

बूच आणि चोखणी

बाटलीचे बूच, म्हणजे निपल, सिलिकोनचे किंवा नैसर्गिक रबराचे असते. सिलिकोन रंगहीन असते आणि पाण्यात बुडते. रबर पिवळट-तपकिरी असते आणि भर न घातलेले शुद्ध रबर तरंगते. रबर वापराने आणि उकळण्याने चिकट होते, फुगते, त्याला भेगा पडतात. असे बूच ओढून पाहावे आणि तुकडा सुटण्याजोगा वाटला तर टाकून द्यावे.

चोखणीच्या, म्हणजे पॅसिफायरच्या, खोक्यावर `IS 14625` दिसला तर सावध व्हावे. तो क्रमांक प्लॅस्टिकच्या बाटलीचा आहे, चोखणीचा नाही. चोखणीत प्लॅस्टिकपेक्षा घडण महत्त्वाची. ओठांबाहेर राहणारी चकती बाळाच्या तोंडात जाणार नाही एवढी मोठी हवी आणि तिला निदान दोन हवेची भोके हवीत. चकती चुकून आत गेलीच, तर त्या भोकांतून श्वास चालू राहतो. गळ्यात अडकवायची दोरी तर कधीच नको. हे सगळे मात्र फोटोत स्वच्छ दिसते.

अस्सल बाटलीचे काय?

समजा, सर्व कसोट्या उतरल्या. तरी दोन गोष्टी उरतात. डब्लिनमधल्या संशोधकांनी २०२० साली दाखवले, की पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्यांतूनही प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण दुधात येतात आणि पाणी जितके गरम तितके ते अधिक येतात. या कणांनी बाळाचे नेमके काय होते हे अजून ठरलेले नाही. पण उपाय साधा आहे. पावडरीचे दूध गरम पाण्यात स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवावे आणि कोमट झाल्यावरच बाटलीत ओतावे.

दुसरी गोष्ट अधिक मोठी. बाटलीमुळे बाळे आजारी पडतात ती बहुतेक जंतूंमुळे. मानेच्या आट्यांत आणि बुचाच्या टोकात दुधाचा साका राहतो आणि उन्हाळ्यात तासा-दोन तासांत तिथे जंतूंची वसाहत होते. परवाना क्रमांक किंवा पाण्याची कसोटी यापासून वाचवत नाही. म्हणूनच डॉक्टर आईच्या दुधाचा आग्रह धरतात, आणि ती घरी नसेल तर तिने काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजायला सांगतात. आपल्या घरांतले जुने बोंडले आठवा. रुंद तोंडाचे, हाताने आतपर्यंत घासता येणारे, उकळत्या पाण्यात टाकता येणारे. मेहकरच्या आजीच्या फडताळात ते अजूनही असेल. त्याच्या तळावर त्रिकोण नाही, पण ते स्वच्छ झाले की नाही हे आजीला नुसत्या डोळ्यांनी कळते.